पाइलची नोंद मराठीत लिहिताना या चुका टाळा: ‘सेट’ म्हणजे खचणं नव्हे

खाडीकाठच्या एका कामावर 450 मि.मी.ची पाइल ठोकून झाली आणि रजिस्टरात नोंद पडली: ‘पाइल 25 मि.मी. खचली’. महिन्याभराने कार्यालयात कुणीतरी ती वाचली आणि फोन आला, पाइल नापास कशी नाही? लोड टेस्टमध्ये मर्यादा तर 12 मि.मी.ची!

पाइलमध्ये काही दोष नव्हता. लिहिणाऱ्याला ‘सेट’ म्हणायचं होतं. शेवटच्या दहा घावांत पाइल 25 मि.मी. खाली गेली, म्हणजे सेट दर घावाला 2.5 मि.मी. हातोड्याच्या घावाने पाइल आत शिरते ती ‘शिरकाव’, आणि ठोकून झालेल्या पाइलवर भार ठेवल्यावर ती खाली बसते ती ‘खचण’. दोन्हींना एकच शब्द वापरला की असा गोंधळ होणारच. ‘सेट’ तसाच ठेवायला माझी हरकत नाही, पण ‘पाइल सेट झाली’ लिहू नका. काँक्रीट घट्ट झालं असंच कोणीही समजेल. ‘शेवटचे 10 घाव, एकूण शिरकाव 25 मि.मी.’ असं लिहिलं की प्रश्नच उरत नाही. पाइल आणखी शिरेनाशी होते त्या ‘रिफ्युजल’साठी ‘नकार’ही नको. किती घावांत किती मि.मी. गेली ते आकडे द्या.

पाइलवर आलेखाचा कागद चिकटवून स्थिर आधारावर पेन्सिल धरली की दर घावाला पाइल खाली जाते आणि थोडी वर उसळते, त्याची रेघ कागदावर उमटते. वर परत येते ती ‘उसळी’, खाली उरते तो सेट. हायलीच्या सूत्रात दोन्ही वेगवेगळ्या जागी बसतात, त्यामुळे अदलाबदल झाली तर पाइलची क्षमताच चुकीची निघते.

लोड टेस्टमध्येही हीच जोडी पुन्हा भेटते. समजा, कामाचा भार 60 टन, म्हणून नेहमीच्या चाचणीत दीडपट, 90 टन. तेव्हा चार डायल गेजची सरासरी 7.84 मि.मी.; भार उतरवल्यावर 3.10. एकूण खचण 7.84, निव्वळ खचण 3.10, उसळी 4.74. आयएस 2911 भाग 4 मधली 12 मि.मी.ची मर्यादा (600 मि.मी. व्यासापर्यंत) चाचणीच्या भाराखालच्या एकूण खचणीला लागते. नुसतं ‘खचण 3.10’ लिहिलं तर पाइल आहे त्याहून चांगली दिसते, आणि ही चूक सहसा कुणी पकडत नाही.

एक शब्द मात्र मी हटकून तपासतो: ‘दाब 90 टन’. जॅकच्या गेजवर दाब दिसतो, टन नव्हे. रॅमचं क्षेत्रफळ 450 चौ.सें.मी. आणि गेजवर 200 किलो प्रति चौ.सें.मी. असेल, तर भार 90,000 किलो. नोंदीत दोन स्तंभ हवेत, ‘गेजवरचा दाब’ आणि ‘भार’. पुढे जॅक बदलला, तर कुठल्या दाबाला किती भार होता ते त्यावरूनच कळतं.