ब्लड कल्चर घ्यायला जाण्यापूर्वी: ट्रे, बाटल्या आणि रबरी बूच

हातमोजे, टूर्निकेट, सुया, लेबलं, शार्प्सचा डबा हे सांगायची गरज नाही. ट्रेमध्ये स्पिरिटचे स्वॅब मात्र मोजून ठेवा: त्वचेसाठी लागतील ते वेगळे आणि प्रत्येक बाटलीच्या बुचासाठी एक वेगळा. चार बाटल्या असतील तर बुचांसाठी चार. हे स्वॅब ट्रेमध्ये नसतील तर बूच पुसलं जाणार नाही, कारण सुई शिरेत असताना ते आणायला कोणी जात नाही.

बाटलीचं प्लास्टिकचं टोपण उडवलं की खालचं रबर नवंकोरं दिसतं आणि सगळे फसतात. आतलं माध्यम निर्जंतुक असतं, टोपणाखालचं रबर तसं असेलच असं नाही. सुई त्याच रबरातून आत जाते. म्हणून टोपण काढा, ७० टक्के अल्कोहोलने बूच घासून पुसा आणि वाळू द्या. हे शीर टोचण्याआधी करायचं. बुचावर आयोडीन लावू नका, त्याने रबर खराब होऊ शकतं.

बाटल्यांची मुदत बघा. प्रौढांच्या बाटलीत ८ ते १० मिली रक्त जायला हवं, म्हणून बाटलीवरच्या रेषांवरून तेवढ्या पातळीला पेनाने खूण करून ठेवा. बाटलीतला निर्वात दाब आपण थांबवेपर्यंत ओढतच राहतो. रक्त कमी पडलं तर तोटा जास्त, कारण प्रौढांच्या रक्तात अनेकदा मिलीलिटरमागे एखादाच जंतू असतो. ३ मिलीत तो सापडलाच नाही, तर ‘वाढ नाही’ या रिपोर्टवर विसंबता येत नाही.

वेळेबद्दल एक गैरसमज सोडा: थंडी वाजून ताप चढेपर्यंत थांबायचं कारण नाही. थांबायचं नाही ते अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसासाठी. कल्चर त्याच्या आधी. रुग्ण सेप्सिसमध्ये असेल तर दोन्ही हातांतून लागोपाठ दोन संच घ्या आणि डोस द्या; शीर मिळत नाही म्हणून डोस तासभर लांबवू नका.

शीर आधी चाचपून ठरवा, मग त्वचा साफ करा. अल्कोहोलमधलं २ टक्के क्लोरहेक्सिडिन असेल तर ३० सेकंद घासा आणि ३० सेकंद वाळू द्या. पोव्हिडोन आयोडीन असेल तर दीड-दोन मिनिटं लागतात. दोन महिन्यांखालच्या बाळाला काय लावायचं ते आपल्या विभागाच्या नियमाने ठरवा. फुंकर मारू नका, कापसाने टिपू नका. जंतू त्या वाळण्याच्या वेळात मरतात. साफ केल्यावर बोट पुन्हा शिरेवर गेलं तर सगळं पहिल्यापासून. आणि त्वचा वाळते आहे त्या अर्ध्या मिनिटात काय करायचं? बुचं पुसली का ते बघायचं.

एवढा हट्ट का, ते एका रिपोर्टवरून कळेल. साठीतल्या मधुमेही बाई, ताप, एकाच हातातून एक संच. तिसाव्या तासाला एका बाटलीत कोॲग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफिलोकोकस. हा त्वचेवर राहणारा जंतू. तो रक्तातला की बुचावरचा? एका संचावरून कोणी सांगू शकत नाही. मग व्हँकोमायसिन सुरू, रोज क्रिएटिनिन, मुक्काम लांबला, आणि तापाचं खरं कारण शोधणं मागे पडलं. दुसऱ्या हातातून दुसरा संच असता आणि त्याच्या दोन्ही बाटल्या कोऱ्या आल्या असत्या, तर चारात एक म्हणजे बहुधा दूषित, असं म्हणता आलं असतं. दोन्ही संचांत तोच जंतू आला तर गोष्ट वेगळी, विशेषतः सेंट्रल लाइन किंवा कृत्रिम झडप असेल तेव्हा. उलट, स्टॅफिलोकोकस ऑरियस, ई. कोलाय किंवा कँडिडा एकाच बाटलीत आला तरी ‘दूषित असेल’ म्हणून सोडून देऊ नका.

म्हणून दोन संच, दोन वेगळ्या जागा. एकाच टोचणीतून चार बाटल्या भरल्या तर त्वचेवरची घाण चारही बाटल्यांत जाऊ शकते. लावलेल्या सलाइनच्या कॅन्युलातून रक्त काढू नका.

भरण्याचा क्रम: बटरफ्लायने घेत असाल तर एरोबिक आधी, कारण नळीतली हवा पहिल्या बाटलीत जाते. सिरिंजने घेत असाल तर ॲनएरोबिक आधी. इतर ट्यूब नंतर. बाटलीत टोचण्यासाठी सुई बदलत बसू नका, हाताला टोचून घ्याल. बूच पुसलं होतं ना?

बाटली हलकेच उलटी-सुलटी करा. लेबल बारकोड सोडून, जागा आणि वेळ लिहून. फ्रिजमध्ये नाही. दोन तासांत लॅबला.