काटकोनात छेदणाऱ्या दोन वृत्तचिती: घनफळ काढताना या चुका टाळा

सारख्या त्रिज्येच्या दोन वृत्तचितींचे अक्ष काटकोनात छेदतात आणि त्यांच्या सामाईक भागाचे घनफळ काढायचे आहे. या गणितात बहुतेकांची चूक इंटिग्रेशनमध्ये होत नाही, काप कुठून घ्यायचा हे ठरवतानाच होते.

एक अक्ष x वर, दुसरा y वर ठेवू. मग अटी होतात y² + z² ≤ r² आणि x² + z² ≤ r². बरेच जण सवयीने x-अक्षाला लंब काप घेतात. तो काप म्हणजे वर-खाली कापलेली वर्तुळाकार चकती. तिच्या क्षेत्रफळात sin⁻¹ येते. त्या वाटेनेही उत्तर मिळते, पण पानभर मजकुरात कुठेतरी चिन्ह निसटते. दोन्ही अटींत असलेले अक्षर z आहे, म्हणून काप z स्थिर ठेवूनच घ्यावा. तसे केले की पहिली अट फक्त y वर आणि दुसरी फक्त x वर बंधन घालते. दोन्ही −√(r² − z²) ते +√(r² − z²) एवढेच फिरतात, म्हणजे काप हा चौरस आहे.

पृष्ठभाग वक्र दिसतो म्हणून इथेच काही जण वर्तुळ धरून π(r² − z²) लिहितात. त्यातून गोलाचे घनफळ निघते. उत्तरात π आला, तर आधी हाच काप तपासा.

दुसरी चूक बाजूची. √(r² − z²) ही अर्धी बाजू आहे. पूर्ण बाजू तिच्या दुप्पट, म्हणून क्षेत्रफळ 4(r² − z²). हे −r पासून r पर्यंत इंटिग्रेट केले की

V = 16r³/3

उत्तर 4r³/3 आले असेल तर अर्धी बाजू वापरली गेली आहे. 8r³/3 आले असेल तर 0 ते r एवढेच घेऊन दुप्पट करायचे राहिले आहे.

आता ६ सेमी व्यासाचे दोन दंड घ्या. त्रिज्या ३, म्हणून घनफळ १४४ घन सेमी. r च्या जागी व्यास घातला तर ११५२ येते, आठपट. हे अशक्य आहे, कारण हा सामाईक भाग ६ सेमी बाजूच्या घनात (२१६ घन सेमी) मावतो. शिवाय ३ सेमी त्रिज्येचा गोल (सुमारे ११३) त्याच्या पोटात बसतो. उत्तर या दोन आकड्यांच्या मध्ये हवेच. ही पडताळणी मला फार मोलाची वाटते, कारण वरच्या सगळ्या चुका तिच्यात पकडल्या जातात.

गोलाशी असलेले हे नाते जुने आहे. चीनमध्ये तिसऱ्या शतकात ल्यू ह्वे यांनी प्रत्येक उंचीवर चौरस आणि त्यातले वर्तुळ यांचे गुणोत्तर 4 : π असते हे ओळखले होते. या सामाईक भागाचे घनफळ मात्र त्यांना काढता आले नाही. ते पुढे झू गेंग यांनी काढले.

सूत्र सरसकट लावू नका. अक्षांमधील कोन θ असेल तर काप समभुज चौकोन होतो आणि घनफळ 16r³/(3 sin θ). त्रिज्या वेगळ्या असतील तर काप आयत होतो आणि इंटिग्रेशन साध्या सूत्रात सुटत नाही.