पोलिसांचं चारित्र्य पडताळणी सर्टिफिकेट: फॉर्म उघडायच्या आधी काय जमवायचं

ऑफर लेटर हातात आलं की आपण लगेच पोलिसांचा फॉर्म उघडून भरायला बसतो. तसं करू नका. आधी एम्प्लॉयरला किंवा व्हिसाचं काम बघणाऱ्याला एक मेल टाका आणि लेखी विचारून घ्या की सर्टिफिकेट नेमकं कुणी दिलेलं पाहिजे, राहत्या भागातल्या पोलिसांचं चालेल का देशपातळीवरच्या ऑफिसचं हवं, आणि कुठल्या कुठल्या देशाचं हवं. शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत.

माझ्या मावसबहिणीचं तसंच झालं. ती नर्स, नोकरी ब्रिटनमधली. तिकडे हॉस्पिटल, शाळा, केअर होम असल्या कामांच्या स्किल्ड वर्कर व्हिसाला नियम असा आहे की वयाची 18 वर्षं झाल्यावर, गेल्या 10 वर्षांत ज्या ज्या देशात मिळून 12 महिने किंवा जास्त राहिलात त्या प्रत्येक देशाचं पोलीस सर्टिफिकेट द्यायचं, सलग राहिलेलं असो वा तुटक तुटक. ही मधे एका देशात आधी 9 महिने आणि नंतर परत जाऊन 5 महिने होती, तिला वाटलं दोन्ही वेळा वर्षाच्या आतच आहे म्हणजे लागत नाही. 9 आणि 5 चौदा, लागलं की! आता त्या देशाच्या पोलिसांना इथूनच अर्ज करायचा, फिंगरप्रिंट पाठवायचे, म्हणजे स्वतःच्या देशाचं सर्टिफिकेट तयार असून पुढचे कित्येक आठवडे बसून राहायची वेळ. म्हणून पासपोर्टवरचे शिक्के बघून देश आणि महिने आधी कागदावर मांडा.

मग पत्त्यांचा तक्ता करा, साधा वहीच्या पानावर. कुठे राहिलो, कधीपासून कधीपर्यंत, आणि पुरावा काय. फॉर्ममधे हेच सगळ्यात जास्त फसतं कारण आपण तारखा आठवून आठवून टाकतो. बहिणीने लिहिलं होतं मे महिन्यात नवीन घरी आले, भाडेकरारावर तारीख 1 जून, आणि जुनं घर एप्रिलअखेरीला सोडलेलं. झालं, मधला महिना कुठे होतात? होती मैत्रिणीकडे, पण फॉर्मवर तो पत्ता कुठेच नाही. असा काळ असेल तर तो पत्ताही तारखांसकट लिहून टाका, त्यात लपवण्यासारखं काही नसतं, रिकामी जागा मात्र डोळ्यात येते. आणि जिथे पोलीस घरी येऊन चौकशी करतात तिथे घरच्यांना आणि शेजाऱ्यांपैकी एकाला आधी सांगून ठेवा, नाहीतर शेजारी म्हणणार "कोण? आम्ही नाही ओळखत" आणि शेरा पडणार पत्त्यावर आढळले नाहीत.

नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच, अक्षर न् अक्षर. पासपोर्टमधे वडलांचं नाव असेल तर इथेही हवं, नसेल तर मुद्दाम घालू नका. लग्नानंतर नाव बदललं असेल तर आधीचं नावसुद्धा त्याच्यासाठी असलेल्या रकान्यात टाका आणि विवाह नोंदणीचा दाखला जोडा, कारण जुनं रेकॉर्ड जुन्याच नावावर शोधलं जातं.

कधीकाळी गुन्हा नोंदला गेला असेल, अगदी भांडणाचा आणि नंतर सुटलेला असला तरी, "केस आहे का" ला डोळे झाकून "नाही" करू नका. प्रश्न नीट वाचा, फक्त शिक्षा विचारलीये का चालू किंवा संपलेली केससुद्धा, आणि कोर्टाच्या निकालाची प्रमाणित प्रत काढून ठेवा. ती प्रत मिळायला वेळ लागतो म्हणून हे काम पहिल्या दिवशीच सुरू करा. जुन्या केसपेक्षा लपवलेली केस जास्त महागात पडते, हे माझं मत.

अर्ज करायची घाईही नको आणि उशीरही नको. सर्टिफिकेटचं वय मोजतात इश्यू डेटपासून, ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाला साधारण 12 महिने धरतात, काही एम्प्लॉयर त्याहून ताजं मागतात. म्हणून मेडिकल, डिग्रीची कागदपत्रं वगैरे रांगेला लागली की मगच फॉर्म टाका.

हातात आल्यावर काउंटरवरून हलायच्या आधी पासपोर्ट नंबर एकेक आकडा बोट ठेवून वाचा. बहिणीच्या सर्टिफिकेटवर 6 चा 8 झालेला होता, तिथल्या तिथे सांगितलं म्हणून दुरुस्त झालं. अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा धरला जावा म्हणून त्यावर लावतात तो सरकारी दाखला, लागणार असेल तर ते सर्टिफिकेट घेणारा देश 1961 च्या हेग करारात आहे का बघा, नसेल तर एम्बसीचं अटेस्टेशन लागतं. कॅनडा 2024 मधे आत आला, त्यामुळे तिकडच्या बाबतीत कुणी जुना अनुभव सांगितला तर तो तसाच धरू नका. आणि मूळ कागद लॅमिनेट करू नका बाबांनो, वर शिक्का बसत नाही आणि मग सगळं पहिल्यापासून.