घरगुती चित्रकला-हस्तकला वर्ग: आधी पाठ, मग बॅच, शेवटी शुल्क

घरी मुलांसाठी शनिवार-रविवारचा वर्ग सुरू करताना बहुतेक जण आधी शुल्काचा आकडा ठरवतात आणि पहिल्या दिवशी काय शिकवायचे याचा विचार आदल्या रात्री करतात. हा क्रम उलटा असावा. पाठ ठरला की त्याला किती वेळ आणि किती जागा लागते ते कळते, त्यावरून बॅचमध्ये किती मुले घ्यायची ते ठरते आणि शुल्क त्यानंतर मांडता येते.

उदाहरणादाखल दिवाळीआधीचा कंदिलाचा पाठ घेऊ. ए-फोर आकाराचा रंगीत कार्डपेपर लांबीच्या बाजूने मधोमध दुमडावा, घडीकडून मोकळ्या कडेच्या दिशेने दीड-दीड सेंटिमीटरवर काप द्यावेत आणि प्रत्येक काप कडेच्या २ सेंटिमीटर अलीकडे थांबवावा. मग कागद उलगडून त्याच्या आखूड बाजू एकमेकींवर चिकटवल्या आणि वरखाली किंचित दाबले की कंदिलाला पोट सुटते. कृती सोपी आहे. चूक मात्र हमखास एकाच ठिकाणी होते. मूल मोकळ्या कडेकडून कापू लागते आणि कागद उलगडल्यावर हातात कंदिलाऐवजी झालर येते. त्यासाठी कात्री देण्याआधी प्रत्येकाकडून घडीवर लाल खडूची रेघ आणि मोकळ्या कडेपासून २ सेंटिमीटरवर पेन्सिलची रेघ मारून घ्यावी, म्हणजे 'लालकडून निघायचे, पेन्सिलीपाशी थांबायचे' एवढेच सांगावे लागते. फेव्हिकॉल लगेच धरत नाही, म्हणून जोडाला कपड्यांचे चिमटे लावून ठेवावेत. कात्री बोथट टोकाचीच असावी.

आठ वर्षांपुढच्या मुलांसाठी वारली चित्र हा दुसरा भरवशाचा पाठ आहे. गेरूच्या रंगाचा कागद, पांढरा पोस्टर कलर आणि ब्रशऐवजी टोक किंचित चेचलेली बांबूची काडी एवढे साहित्य पुरते. रंग पातळ झाला तर वाळल्यावर रेघ मळकट दिसते, म्हणून तो घट्ट दह्यासारखा ठेवावा आणि आधी एका तुकड्यावर रेघ मारून पाहावी. टोकाला टोक लावलेल्या दोन त्रिकोणांतून माणूस उभा राहिला की मुले थांबत नाहीत. तारप्याभोवतीचा नाच काढायला तीच घाई करतात.

आता बॅच. या दोन्ही पाठांत अडचण येते ती बसण्याच्या जागेपेक्षा वाळवण्याच्या जागेची. चार वाजताच्या बॅचची ओली चित्रे जमिनीवर पसरलेली असतील तर पुढच्या बॅचने बसायचे कुठे? खिडकीपासून दारापर्यंत दोरी बांधून चिमट्यांनी चित्रे टांगावीत आणि दोन बॅचमध्ये निदान अर्धा तास मोकळा ठेवावा. पाच ते सात वर्षांची सहा मुले मदतनीस असल्यास सांभाळता येतात. आठ ते बाराची आठ मुले एकट्याने सांभाळता येतात. एलिमेंटरी परीक्षेची तयारी हवी असणाऱ्यांना यांत मिसळू नये, कारण त्यांना वस्तुचित्र, स्मरणचित्र अशा ठरीव विषयांचा सराव लागतो आणि त्याची गती निराळी असते. सोसायटीत राहत असाल तर समितीला आधी लेखी कळवावे; तक्रार येते ती बहुधा जिन्यातल्या चपलांवरून.

शुल्काचे गणित आता मांडता येते. सहा आणि आठ अशी चौदा मुले, महिन्याला प्रत्येकी चार वर्ग आणि ७०० रुपये शुल्क धरले, तर जमा ९,८०० रुपये होतात. साहित्याचे दर मुलामागे १०० प्रमाणे १,४०० आणि मदतनिसाचे ८०० वजा केल्यावर ७,६०० उरतात. शिकवण्याचे १२ तास आणि कागद कापणे, नमुने करणे, फरशी पुसणे यांचे ८ तास मिळून २० तास भरतात, म्हणजे तासाला ३८० रुपये पडतात. परीक्षेच्या महिन्यात दोन मुले थांबली तर हाच आकडा ३२० वर येतो. तो परवडत नसेल तर शुल्क सुरुवातीलाच वाढवावे, कारण वर्षाच्या मध्ये वाढवलेले शंभर रुपये पालकांना जास्त खटकतात. साहित्य घरून आणायला सांगून शुल्क कमी करण्याचा मोह मी तरी टाळते. कोणाचा रंग विसरतो, कोणाचा कागद निराळा निघतो आणि पहिली वीस मिनिटे त्यातच जातात.

शुल्क महिन्याच्या पहिल्या वर्गाला आगाऊ घ्यावे. मूल गैरहजर राहिल्यास पैसे परत नाहीत, मात्र त्या दिवशीचे साहित्य कृतीच्या चिठ्ठीसह पाकिटात घालून द्यावे. आपल्यालाच वर्ग रद्द करावा लागला तर तो पाचव्या शनिवारी किंवा रविवारी भरून काढावा, आणि तसा वार त्या महिन्यात नसेल तर पुढच्या शुल्कातून १७५ रुपये वळते करावेत. या अटी प्रवेशाच्या दिवशीच कागदावर लिहून द्याव्यात.