जुना फॅमिली ग्रुप बंद होतोय, हा निरोप नातेवाइकांना कसा द्यावा

आमच्या भाऊबंदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिन एकटे नाना होते. ते गेले, त्यांचं सिमही बंद झालं. ग्रुपची लिंक कधीतरी लग्नपत्रिकेसोबत फिरली होती, तिच्यावरून अनोळखी नंबर आत येऊ लागले. त्यांना काढणं किंवा लिंक बदलणं ॲडमिनशिवाय कुणाला जमत नाही. शेवटी कानबाईच्या सणाआधी नवा ग्रुप काढायचं ठरलं, कारण रोटांच्या जेवणाला कोण कोण येणार हे ग्रुपवरच कळतं.

आधी नवा ग्रुप तयार करा आणि लगेच दोन-तीन जणांना ॲडमिन करा. एक धुळ्याचा, एक सुरतेचा असं चालेल. ॲडमिनच्या मंजुरीशिवाय कुणी आत येणार नाही, ही सेटिंगही तेव्हाच चालू करा.

आता निरोप. जुन्या ग्रुपवर लिंक टाकू नका. ज्यांच्यामुळे ग्रुप सोडतोय तेच तिच्यावरून मागे येतील. तिथं एवढंच लिहा:

"सर्वांना नमस्कार. मी धुळ्याच्या आप्पांचा मोठा मुलगा. नानांचा नंबर बंद असल्याने या ग्रुपमधले अनोळखी नंबर काढता येत नाहीत. म्हणून रविवारी रात्री आपण सगळे हा ग्रुप सोडणार आहोत. नव्या ग्रुपची लिंक तुमच्या घरातलंच माणूस तुम्हाला वेगळी पाठवेल. शंका आली तर आधी फोन करा. नव्या ग्रुपसाठी ओटीपी किंवा पैसे कुणी मागणार नाही."

मी कोण, का आणि कधीपर्यंत, हे तिन्ही यात हवं. नुसतं "नवीन ग्रुप जॉइन करा" असं लिहिलं तर शहाणा माणूस ते फसवणुकीचं समजून सोडून देतो, आणि त्याचं बरोबरच आहे.

लिंक घराघराने वाटा. मामांकडच्यांना मामेभावाने, आत्याकडच्यांना आत्याच्या मुलीने पाठवावी. ब्रॉडकास्टवर भिस्त ठेवू नका. ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही, त्यांना तो पोचतच नाही. काहींना थेट ॲड करता येत नाही, त्यांच्या प्रायव्हसी सेटिंगमुळे फक्त आमंत्रण जातं आणि ते ७२ तासांत संपतं. तेवढ्यात उत्तर नाही आलं तर फोन लावा.

म्हाताऱ्या माणसांना मजकूर पाठवून भागत नाही. आमच्या जिभाऊंना मी अहिराणीत व्हॉइस मेसेज केला: "जिभाऊ, जुना ग्रुप बंद व्हई राहिना, नवामा या." आवाज ओळखीचा, म्हणून नातवाला हाक मारून ते पाच मिनिटांत आत आले.

वहीत घरवार नावं लिहून आलेल्यांवर खूण करा. सगळे आले की नव्या ग्रुपची लिंक `Reset link` करून बदला, म्हणजे इकडेतिकडे गेलेली लिंक निकामी होईल.

रविवारी जुना ग्रुप सोडताना सगळ्यांना एक सांगाच: ग्रुप सोडा, पण चॅट डिलीट करू नका. नुसता सोडला तर जुने मेसेज फोनमध्ये राहतात. नानांनी दर आखाजीला पाठवलेले व्हॉइस मेसेज त्यातच आहेत.