एमसी एसीला बरोबर तळाशीच काहून कापते? बॅटिंग ॲव्हरेजवरून समजून घ्या, या चुका टाळा

नागपुरात बी.कॉम.च्या पोरांना इकॉनॉमिक्स शिकवतो, त्यामुळे खर्चाच्या रेषांची ही आकृती दर वर्षी शेकड्यानं तपासतो. एसी म्हणजे दर नगामागचा सरासरी खर्च, एमसी म्हणजे आणखी एक नग काढायला वाढणारा खर्च. एसीचा यू छान काढलेला असतो, एमसी पण वर चढत असते, पण दोघी एकमेकींना कापतात भलतीकडेच, कधी यूच्या डाव्या उतारावर तर कधी पार उजवीकडे. विचारलं की काहून रे, तळाशीच का कापायला पाहिजे, तर उत्तर येतं "सर, पुस्तकात तसंच आहे". पाठ केलेलं पेपरात घसरतं, म्हणून हे एकदा जामठ्याच्या ग्राउंडवर नेऊन बघू.

२००८ च्या नोव्हेंबरमध्ये जामठ्याला ऑस्ट्रेलियाविरुद्ध टेस्ट झाली, सौरव गांगुलीची शेवटची. त्या मॅचआधी त्याच्या ७१२७ रन्स होत्या आणि तो १६९ वेळा आउट झाला होता, म्हणजे ॲव्हरेज ४२.१७. पहिल्या इनिंगमध्ये ८५ केले. ८५ हे ४२ पेक्षा मोठे, म्हणून ॲव्हरेज वर गेलं, ४२.४२ झालं. दुसऱ्या इनिंगमध्ये पहिल्याच बॉलवर शून्य, आणि ॲव्हरेज परत ४२.१७ वर आलं. आता गंमत बघा, ८५ आणि ० ची सरासरी ४२.५ येते, म्हणजे त्याच्या करिअर ॲव्हरेजच्या जवळपास तेवढीच, म्हणून दोन्ही इनिंग मिळून ॲव्हरेज जागचं हललंच नाही.

यात ८५ आणि ० हे मार्जिनल आहेत, ४२ हे ॲव्हरेज. नवा आकडा ॲव्हरेजच्या वर असला तर ॲव्हरेजला वर ओढतो, खाली असला तर खाली ओढतो, आणि तेवढाच असला तर ॲव्हरेज जिथे आहे तिथेच राहतं. सगळी थिअरी एवढीच आहे. एसी खाली जाऊन राहिली म्हणजे एमसी तिच्या खाली असलीच पाहिजे, वर जाऊन राहिली म्हणजे एमसी तिच्या वर, आणि तळाशी एसी ना खाली जाते ना वर, म्हणून तिथे दोघी सारख्या.

आता सगळ्यात मोठी चूक. पोरं म्हणतात, एमसी वाढायला लागली की एसी पण वाढायला लागेल. नाही बाबा! एमसीची तुलना कालच्या एमसीशी करायची नाही, एसीशी करायची. समजा आपल्या गल्लीतला एक बॅट्समन सीझनमध्ये ओळीनं ७०, ४०, २५, १७, २३, २९, ३४, ५० काढतो आणि दर वेळी आउट होतो. त्याचं ॲव्हरेज चालतं ७०, ५५, ४५, ३८, ३५, ३४, ३४, ३६ असं. चौथ्या इनिंगनंतर त्याचा खेळ सुधारतोय, १७ वरून २३, मग २९, तरी ॲव्हरेज पडतच आहे, कारण २३ झाले तरी ते ३८ पेक्षा कमीच आहेत ना. ३४ काढले तेव्हा ॲव्हरेज थांबलं, ५० काढले तेव्हा वळलं. म्हणून एमसीचा तळ आधी येतो, डावीकडे, आणि एसीचा नंतर. आकृतीत दोन्ही तळ एकावर एक आले की समजायचं आपण इथेच चुकलो.

आता तर्री पोह्याची गाडी घ्या, आकडे माझेच आहेत. जागेचं भाडं आणि रोजंदारीचा पोऱ्या मिळून दिवसाचे ३०० रुपये, एकही कढई काढली नाही तरी लागणारच. पुढे प्रत्येक कढईला वाढणारा खर्च २००, १६०, १५०, १५०, १६५, १९५, २२०, ३००. सुरुवातीला हात बसतो, तर्री एकदाच मोठ्या गंजात होते, म्हणून खर्च उतरतो, मग गर्दी वाढते, एकाच भट्टीवर ताण येतो, संपलेला कांदा बाजूच्या दुकानातून महाग आणावा लागतो, घाईत पोहे करपतात, म्हणून चढतो. आता एसी काढा, दर कढईमागे: ५००, ३३०, २७०, २४०, २२५, २२०, २२०, २३०. पाचव्या कढईपासून एमसी चढायला लागली तरी एसी उतरतच होती, आणि सातव्या कढईला एमसी २२०, एसी पण २२०, तिथेच तळ.

दुसरी चूक टेबल वाचताना होते. वरचे आकडे मी मुद्दाम जुळवलेत, परीक्षेत ते असे जुळतीलच असं नाही. सातव्या कढईचा खर्च २२० ऐवजी २२५ केला तर एसी २२०.७ येते, मग तळ सहाव्यालाच राहतो आणि तिथे एमसी १९५ दिसते. पोरं लिहितात "नियम लागू होत नाही". नियम लागू आहे, फक्त क्रॉसिंग सहा आणि सातच्या मधात आहे, कारण टेबलमध्ये आपण अर्धी कढई मोजलीच नाही. नव्या आकड्याची तुलना नेहमी त्याच्या *आधीच्या* ॲव्हरेजशी करा, २२५ ची २२० शी, म्हणजे गोंधळ होत नाही. आणि ग्राफ काढताना सातव्या कढईची एमसी ६.५ वर मांडा, ७ वर नाही, कारण तो खर्च सहावरून सातवर जातानाचा आहे. कॅल्क्युलस झालेल्यांना हेच एका ओळीत दिसेल:

```
dAC/dq = (MC − AC) / q
```

MC आणि AC सारखे झाले की उजवी बाजू शून्य.

उपमा कुठे तुटते तेही सांगतो, कारण तिथेही मार्क जातात. एक, बॅटिंग ॲव्हरेज इनिंगनं भागत नाहीत, आउट झालेल्या वेळांनी भागतात. गांगुलीच्या एकूण १८८ इनिंग, त्यात १७ नॉट आउट. ७२१२ ला १८८ नं भागाल तर ३८.३६ येईल, खरं ॲव्हरेज ७२१२ भागिले १७१. म्हणून उदाहरण देताना बॅट्समन दर वेळी आउट झाला असंच धरा.

दुसरं जास्त महत्त्वाचं आहे. बॅट्समनची पहिली इनिंग आणि त्याचं पहिलं ॲव्हरेज एकच असतं, दोन्ही ७०. गाडीवर मात्र पहिल्या कढईची एमसी २०० आणि एसी ५००, कारण ३०० चं ओझं आधीपासूनच आहे, जणू बॅट हातात घ्यायच्या आधीच बोर्डावर ३०० लागलेत. म्हणून बॅटिंगशी हुबेहूब जुळते ती एव्हीसी, भाडं आणि मजुरी काढून टाकलेली सरासरी. ती चालते २००, १८०, १७०, १६५, १६५, १७०, आणि तिलाही एमसी तिच्या तळाशीच कापते, पाचव्या कढईला, १६५ वर. म्हणजे आकृतीत एमसी आधी एव्हीसीचा तळ कापणार, मग वर उजवीकडे जाऊन एसीचा. एएफसीला, म्हणजे नुसत्या त्या ३०० च्या दर कढईमागच्या सरासरीला, मात्र तळच नसतो, ती उतरतच राहते, तिथे असा नियम शोधू नका.

शेवटची गडबड म्हणजे हा छेदबिंदू बघून "इथे नफा सगळ्यात जास्त" असं लिहून मोकळं होणं. एका कढईत १६ प्लेट, प्लेट २० रुपयांना, म्हणजे कढईमागे ३२० येतात. सात कढयांवर थांबला तर २२४० वजा १५४०, नफा ७००. आठवी काढली तर एसी चढून २३० होते, पण त्या कढईचे ३२० आले आणि ३०० गेले, म्हणून नफा ७२०. नववीला ३४० लागणार असतील तर तो गाडी आठवीवरच बंद करेल.