जर्मन लग्नात मित्राचा छोटा टोस्ट

चार वाक्यं पाठ करा, कागद खिशातच राहू द्या:

"लीबं आना, लीबर रोहन! त्स्वाय श्प्राखन, आइनं फामीलियं. विर फ्रॉयन उन्स मिट ऑइश. आउफ ऑइश!"

म्हणजे: प्रिय आना, प्रिय रोहन, भाषा दोन, कुटुंब एक; तुमच्या आनंदात आम्हीही आहोत; तुमच्यासाठी!

नवरीला 'लीबं', नवऱ्याला 'लीबर'; इथेच गल्लत होते. दोघं मित्र, म्हणून 'ऑइश'; आदरार्थी 'झी'ने परकेपणा येतो. मराठी पाहुणे असतील तर मधली दोन वाक्यं मराठीतही म्हणा, पण 'आउफ ऑइश' शेवटीच, कारण ते ऐकूनच ग्लास उंचावतात. ग्लास भिडवताना समोरच्याच्या डोळ्यांत बघा, ग्लासात नव्हे. जर्मन मंडळी याबाबत भलतीच काटेकोर! ग्लासात सरबत असलं तरी चालतं.